लॅम्डा प्रत्येकाचा वेगळा येतोय? बजेटच्या गणितातली नेहमीची अडचण

दर सेमिस्टरला परीक्षा तोंडावर आली की माझ्याकडं ही एकच तक्रार फिरून फिरून येते, म्हणून यावेळी म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. टिळकवाडीत खोली करून राहणारी तीन पोरं, एक खानापूरचा, एक चंदगडचा आणि एक हुक्केरीकडचा, आणि त्यांच्याच वर्गातली निपाणीची एक मुलगी, असे चौघं रविवारी सकाळी वह्या घेऊन आले. खानापूरचा दारातूनच म्हणाला, "दादा, आमच्या चौघांचं बी मिसळ आणि चहाचं उत्तर सेम येतंय, पण लॅम्डा चौघांचा चार तऱ्हेचा येतोय की, मग बरोबर कुणाचा धरायचा?"

गणित मीच दिलेलं होतं. कॉलेजात जाणाऱ्या एका पोराकडं महिन्याला वरखर्चाला ८०० रुपये आहेत, मिसळ ८० रुपये प्लेट, चहा-बिस्किट २० रुपये. मिसळीच्या प्लेटा x, चहा y, आणि त्याची उपयोगिता

U = xy

(कन्नड माध्यमातून आलेल्या पोरांना हाच शब्द तुष्टिगुण म्हणून माहीत असतो, घाबरू नका, दोन्ही एकच.) पैसे पुरवून जास्तीत जास्त उपयोगिता कशी मिळवायची, एवढाच प्रश्न, आणि तो लॅग्रांजच्या पद्धतीनं सोडवायचा, म्हणजे बजेटच्या अटीला λ, आपला लॅम्डा, हा गुणक लावून.

आता चौघांचे लॅम्डा बघा. खानापूरच्याचा ०.२५. चंदगडच्याचा उणे ०.२५. हुक्केरीवाल्याचा ५. आणि निपाणीच्या मुलीचा ०.००२५. मिसळ मात्र चौघांकडंही ५ आणि चहा २०. मी वह्या नीट बघितल्या, आणि सांगायचं म्हणजे चौघांचीही आकडेमोड बरोबर होती, एकानंही बेरीज-गुणाकारात चूक केली नव्हती. अडचण अशी की लॅम्डा हा x आणि y सारखा नुसता एक आकडा धरून चालत नाही, तो कशाच्या मापात आहे हे त्याच्यासोबत सांगावं लागतं, आणि ते पोरांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी सरळ मार्गानं सोडवून घेऊ, म्हणजे कोण कुठं वळलं ते दिसेल. खानापूरच्यानं असं मांडलं:

L = xy + λ(800 − 80x − 20y)

कंसातलं काय आहे, तर खिशात उरलेले पैसे. सगळे खर्च झाले की ते शून्य. आता x नं डेरिव्हेटिव्ह घेतला की y = 80λ, y नं घेतला की x = 20λ, आणि λ नं घेतला की आपलं बजेट जसंच्या तसं परत मिळतं, 80x + 20y = 800. पहिली दोन तिसऱ्यात घाला, 80·20λ + 20·80λ = 800, म्हणजे 3200λ = 800, λ = 0.25. मग x = 5, y = 20, आणि U = 100. ताळा करायचा तर मिसळीवर ४०० आणि चहावर ४००, बेरीज ८००, बरोबर. हा ताळा न विसरता करत जावा, पण नुसत्या बेरजेवर थांबू नका, कारण किंमत गुणायची विसरून y = λ आणि x = λ लिहिणारी पोरं दरवर्षी दोनतीन तरी निघतातच आणि त्यांचं x आणि y सारखं येतं, ते बघितल्या बघितल्या कळतं की ८० आणि २० ह्या किमती वरच्या ओळीतच गळाल्या.

आता हा ०.२५ म्हणजे काय. इथं थोडं थांबा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. समजा त्या पोराला घरातनं आणखी एक रुपया मिळाला. तो चहावर घातला तर एका रुपयात चहाचा विसावा भाग येतो. आत्ता त्याच्याकडं ५ मिसळ आहेत, म्हणून एका जादा चहानं उपयोगिता ५ नं वाढते (U = xy मध्ये चहाची सीमांत उपयोगिता म्हणजे x), तर एका रुपयाच्या चहानं वाढणार 5/20, म्हणजे 0.25. तोच रुपया मिसळीवर घातला तर प्लेटीचा ऐंशीवा भाग, एका प्लेटीची सीमांत उपयोगिता y म्हणजे २०, तर 20/80, परत 0.25. दोन्हीकडनं तेच आलं. शेवटचा रुपया कुठंही घातला तरी फळ सारखंच, ही जी जागा आहे तीच सगळ्यात चांगली जागा, आणि ते जे सारखं फळ आहे त्याचंच नाव लॅम्डा.

आणि सारखं नसेल तर? त्याच पोरानं ४ मिसळ आणि २४ चहा घेतले असं धरा, पैसे तेवढेच जातात, 320 + 480. आता मिसळीकडं रुपयामागं 24/80 म्हणजे 0.30, चहाकडं 4/20 म्हणजे 0.20. सरळ दिसतंय की चहावरचा रुपया काढून मिसळीवर टाकला तर फायदा आहे, आणि म्हणूनच तिथं U फक्त ९६ आहे. त्या जागेला एक लॅम्डा नाहीच, दोन वेगळे आकडे आहेत, ते एक होईपर्यंत पैसे इकडनं तिकडं सरकवत राहायचं. मला विचाराल तर लॅग्रांजची अख्खी पद्धत ह्या एका सरकवण्यात आहे, बाकी सगळं लिहिण्याची सोय.

आता बाकीच्या तिघांकडं येऊ.

चंदगडच्यानं कंस उलटा लिहिला होता, λ(80x + 20y − 800). x आणि y ला काही फरक पडत नाही, कारण कंस शेवटी शून्यच व्हायचा आहे, पण लॅम्डाचं चिन्ह फिरतं. त्यानं उणे ०.२५ बघून असा अर्थ काढला की पैसा वाढला तर उपयोगिता कमी होते, आणि तसं वहीत लिहूनही टाकलं होतं. मी त्याला विचारलं, तुला घरातनं शंभर जास्त पाठवले तर वाईट वाटेल काय रे? हसला, आणि त्यालाच कळलं. आता उलटा कंस चुकीचा आहे असं मुळीच नाही, काही पुस्तकं तसाच लिहितात, काही तर मधलं चिन्हच उणे ठेवतात, U − λ(80x + 20y − 800), मग परत लॅम्डा धन येतो. माझं म्हणणं एवढंच की अर्थ सांगायचा असेल तर कंसात "असलेले पैसे वजा खर्च" लिहायची सवय लावा, पुढं अधिक ठेवा, मग लॅम्डा आपोआप धन येईल आणि वाक्य लिहिताना डोकं फिरणार नाही.

हुक्केरीवाल्याची गंमत जरा वेगळी, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त सापडते, कारण ती हुशार पोरंच करतात. त्यानं 80x + 20y = 800 बघितलं, म्हणाला मोठे आकडे कशाला, सगळं २० नं भागून घेतलं:

4x + y = 40

रेषा तीच, x तोच, y तोच. पण लॅम्डा आला ५. का? कारण कंसात आता रुपये उरलेच नाहीत. २० नं भागल्यावर ४० हा आकडा ४० चहांचा झाला, म्हणजे त्याच्या बजेटचं माप रुपया नसून चहा आहे. त्याचा लॅम्डा सांगतोय की आणखी एका चहाइतके पैसे मिळाले तर उपयोगिता ५ नं वाढेल. ते खरंच आहे, वर आपण बघितलंच की जादा चहाची सीमांत उपयोगिता ५. रुपयामागं पाहिजे तर 5/20, परत 0.25. तेव्हा बजेट भागून घेतलं असेल तर शेवटी लॅम्डालाही त्याच आकड्यानं भागायचं, किंवा सरळ भागूच नका. अशा गणितात भागल्यानं वाचणारा वेळ दहा सेकंद आणि जाणारे मार्क दोन.

(जाता जाता: ज्याच्या नावानं ही पद्धत आहे तो जोझेफ-लुई लग्रांज १७३६ साली ट्युरिनला जन्मला, आणि त्यानं हे गुणक वापरले ते यंत्रशास्त्रात, त्याचं त्यावरचं मोठं पुस्तक १७८८ चं. तिथं गुणकाचा अर्थ बंधन जे बळ लावतं त्याच्याशी जोडलेला असतो. बाजारातल्या बजेटला ते लावणं बरंच नंतरचं. पण कल्पना तीच राहते, बंधन किती जोरानं अडवतंय ते मोजणारा आकडा.)

निपाणीच्या मुलीनं जे केलं त्याच्यावर मात्र आमचा पाऊण तास गेला, आणि जायलाच पाहिजे होता. तिला गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह नको वाटलं म्हणून तिनं लॉग घेतला:

U = ln x + ln y

हे चालतं. कारण xy जिथं सगळ्यात मोठा तिथंच त्याचा लॉग सगळ्यात मोठा, पोराची आवड बदलली नाही, कुठलं ताट त्याला कशापेक्षा जास्त आवडतं तो क्रम तसाच राहिला, समवृत्ती वक्र तेच, फक्त त्यांच्यावर लिहिलेले नंबर बदलले. तिचं समीकरण 1/x = 80λ आणि 1/y = 20λ, त्यातनं 80x आणि 20y दोन्ही 1/λ इतके, बेरीज 2/λ = 800, λ = 0.0025. मिसळ ५, चहा २०.

तिचा प्रश्न फार चांगला होता. "सर, आवड जर तीच आहे आणि घेतलेला माल पण तोच, तर रुपयाची किंमत शंभरपटीनं कमी कशी झाली?"

उत्तर असं की लॅम्डा उपयोगितेच्या मापात मोजला जातो, आणि ते माप आपण ठरवलेलं आहे. xy च्या मापात ती जागा १०० वर होती. १०० च्या आसपास xy एकानं वाढला तर ln(xy) साधारण शंभराव्या भागानं वाढतो, म्हणून लॅम्डाही शंभराव्या भागावर आला. बेळगाव ते खानापूर अंतर किलोमीटरमध्ये सांगा नाहीतर मैलात, गाव काही हललं नाही. तिनं वर्गमूळ घेतलं असतं, U = √(xy), तर लॅम्डा आला असता 0.0125, कारण तिथं माप १० वर आहे आणि १०० चं वर्गमूळ त्या जागी xy च्या विसाव्या भागानं वाढतं.

पण किलोमीटर-मैलाचा दाखला इथं एका ठिकाणी कमी पडतो आणि ते मी तिला मुद्दाम दाखवलं. मैल आणि किलोमीटरमध्ये गुणोत्तर सगळीकडं एकच असतं. उपयोगितेत तसं नाही. पैसे M धरून तिन्ही परत सोडवलं तर xy मध्ये लॅम्डा येतो M/3200, म्हणजे पैसा वाढेल तसा लॅम्डा वाढतो. वर्गमुळात येतो 1/80, पैसा कितीही असो तेवढाच. लॉगमध्ये येतो 2/M, पैसा वाढेल तसा कमी. तीनही त्याच पोराची तीच आवड! म्हणून पेपरात पोरं जे हमखास लिहितात, "लॅम्डा कमी होत गेला, यावरून पैशाची सीमांत उपयोगिता घटते हे सिद्ध होतं", ते सिद्ध होत नाही. नुसत्या आवडीच्या क्रमावरनं एवढं मोठं वाक्य निघत नाही, ते आपण निवडलेल्या फॉर्म्युल्यातनं निघतंय. गरीबाला रुपया जास्त मोलाचा हे खरं आहेच, कुणाला सांगायला लागत नाही, पण त्याचा पुरावा लॉगच्या लॅम्डात शोधू नका.

मग लॅम्डाला काही पक्का अर्थ आहे की नाही, असं चंदगडचा जरा वैतागूनच म्हणाला. आहे. लॅम्डा एकटा बोलत नाही, उपयोगितेचं रुपयांत रूपांतर करायला तो लागतो. उपयोगितेत किती फरक पडला तो आकडा घ्या आणि लॅम्डानं भागा, की उत्तर रुपयांत येतं, आणि फरक लहान असेल तर ते उत्तर माप बदललं तरी जवळजवळ तेच राहतं.

उदाहरण करून बघितलं. मिसळ ८० ची ८१ झाली असं धरलं. पोरगं परत नीट हिशोब करून घेईल, तरी त्याचं नुकसान किती? xy च्या मापात U शंभरावरनं ९८.७६५ वर येतो, घट १.२३५, भागिले ०.२५, म्हणजे ४.९४ रुपये. वर्गमुळात १० वरनं ९.९३८ वर, घट ०.०६१९, भागिले ०.०१२५, म्हणजे ४.९५. लॉगमध्ये घट ०.०१२४२, भागिले ०.००२५, म्हणजे ४.९७. तिन्हीकडं पाच रुपयांच्या आसपास! आणि पाचच का, तर पोरगं महिन्याला पाच मिसळ खातंय, प्लेटीमागं एक रुपया वाढला म्हणजे त्याच्या खिशातनं पाच रुपये गेल्यासारखंच आहे. ह्यालाच पुस्तकात रॉयची आयडेंटिटी म्हणतात, किंमत एकानं वाढली की उपयोगिता λ गुणिले x नं घटते. लॅम्डा माप सांभाळतो, आणि x माणसाचं खरं नुकसान सांगतो. हे बघितल्यावर निपाणीची मुलगी म्हणाली की मग माझा ०.००२५ बरोबर होता न्हवं? होताच, फक्त "लॉगच्या मापात, रुपयामागं" हे शब्द राहिले होते.

उत्तर ५ न येता ४.९४ का आलं, हा प्रश्न लगेच आला, आणि हीसुद्धा नेहमीचीच तक्रार आहे. पोरं ताळा करायला बजेट १०० नं वाढवतात आणि म्हणतात लॅम्डा चुकला. बघा, ८०० चे ९०० केले तर xy मध्ये U जातो 900²/6400, म्हणजे 126.5625. लॅम्डानं सांगितलं होतं शंभर रुपयांना २५, प्रत्यक्षात वाढले २६.५६. लॅम्डा चुकला नाही, तो ८०० रुपयांवर उभं राहून बोलत होता. ९०० वर तो स्वतःच ०.२८१२५ होतो, वाटेत वाढत गेला. ताळा करायचाच तर एक रुपया वाढवा, ८०१ ला U येतो १००.२५०१६, फरक ०.२५०१६, आता कसं जवळ आलं. लॅम्डा म्हणजे चढाचा उतार, आणि उतार पायाखालचा असतो, पुढच्या वळणावरचा नव्हे.

कंप्युटर लॅबमध्ये ताळा करणाऱ्यांसाठी एवढं पुरतं. पायथनमध्ये `lambda` हा राखीव शब्द आहे, तो नाव म्हणून दिला की लगेच एरर येतो, म्हणून मी `k` लिहिलंय:

```python
from sympy import symbols, diff, solve
x, y, k = symbols('x y k')
L = x*y + k*(800 - 80*x - 20*y)
print(solve([diff(L, v) for v in (x, y, k)], [x, y, k]))
```

५, २० आणि 1/4 येईल. ८०० च्या जागी ८०१ घालून दोन्हीचा xy काढा, ताळा झाला. x, y ला धनच असलं पाहिजे अशी अट मी मुद्दाम घातली नाही, त्याचं कारण पुढच्या गणितात दिसेल.

कारण पुढच्या गणितात पद्धत खरोखरच फसते, आणि तेव्हा लॅम्डा बघूनच कळतं की काय फसलं. हे हुक्केरीवाल्यानं जुन्या पेपरातल्यासारखं म्हणून काढलं होतं. पैसे तेच, किमती त्याच, पण पोरगं चहाचं जबर शौकीन:

U = x + 16 ln y

सोडवा. x नं, 1 = 80λ, λ = 0.0125. y नं, 16/y = 20λ, म्हणजे y = 64. चौसष्ट चहाचे झाले १२८० रुपये, खिशात आहेत ८००, मग बजेट जुळवायला x येतो उणे ६. म्हणजे पोरानं सहा प्लेट मिसळ हॉटेलवाल्याला उलट विकायची आणि त्या पैशानं चहा प्यायचा! समीकरणाला काय माहीत मिसळ उणे असत नाही, आपण त्याला ते सांगितलंच नव्हतं, आपण फक्त बजेटची रेषा दिली, आणि ती रेषा कागदावर दोन्हीकडं पसरलेली असते.

असं उत्तर आलं की वही फाडू नका. उणे आलेली वस्तू शून्यावर आणा. x = 0, सगळे पैसे चहावर, y = 40. आता लॅम्डा परत काढा, पण ज्या वस्तूवर खरोखर पैसे चाललेत तिच्याकडनंच, म्हणजे चहाकडनं: 16/40 = 0.4, भागिले 20, λ = 0.02. आणि मग मिसळीला विचारायचं की तुझ्यावर पहिला रुपया घातला तर काय देशील? 1/80, म्हणजे 0.0125. चहा ०.०२ देतोय, मिसळ त्याहून कमी, म्हणून मिसळीवर रुपया न जाणंच बरोबर, उत्तर पक्कं. हीच तपासणी पुढं कुन-टकर अटी म्हणून शिकवतात, १९५१ चं काम. घेतलेल्या वस्तूकडं रुपयामागचं फळ लॅम्डाइतकं, न घेतलेल्या वस्तूकडं लॅम्डाइतकं किंवा त्याहून कमी, इतकंच ध्यानात ठेवायचं. "दोन्हीकडं सारखं" हे जे आपण वर म्हटलं ते दोन्ही वस्तू थोड्या तरी घेतल्या तरच खरं.

खानापूरच्यानं इथं लॅम्डा म्हणून पहिला ०.०१२५ च ठेवला होता, x मात्र शून्य केला होता, म्हणजे अर्धं जुनं अर्धं नवं. तो ०.०१२५ त्या जागेचा आहे जिथं हे पोरगं पोचूच शकत नाही. ताळा केला, ८०० चे ८०१ केले, सगळा रुपया चहावर, y = 40.05, 16 ln y ची वाढ येते ०.०१९९९, म्हणजे ०.०२ बरोबर.

हे पैसे किती असले की मिसळ सुरू होईल हे पण विचारायला पाहिजे, ते पोरं विचारत नाहीत. चहा ६४ झाले की चहाकडचं फळ ०.०१२५ वर उतरतं आणि मिसळीला गाठतं, म्हणजे १२८० रुपयांपर्यंत हे पोरगं फक्त चहा पिणार, त्याच्यापुढचा प्रत्येक रुपया मिसळीला, आणि तिथनं पुढं लॅम्डा ०.०१२५ वर थांबतो, हलत नाही.

अजून एक फसगत थोडक्यात, कारण ती कमी वेळा येते. U = x² + y² असं कधी दिलं तर लॅग्रांजचं उत्तर येतं x साधारण ९.४१, y साधारण २.३५, लॅम्डा पण छान धन ०.२३५, दिसायला काही बिघाड नाही. पण U तिथं फक्त ९४ च्या जवळ आहे आणि शेजारच्या ९ मिसळ, ४ चहाला ९७. म्हणजे आपण कमाल शोधायला गेलो आणि बजेटच्या रेषेवरचं किमान घेऊन आलो. सगळे पैसे चहावर घातले तर U १६०० होतो. समवृत्ती वक्र उलट्या बाजूला फुगलेले असले की असं होतं, आणि हे लॅम्डावरनं अजिबात कळत नाही, म्हणून रेषेवरची शेजारची एक जागा आणि दोन्ही टोकं घालून बघायला विसरू नका, दोन मिनिटांचं काम.

दुपारपर्यंत चौघांनी पहिल्या गणिताचं शेवटचं वाक्य परत लिहून काढलं, कारण मार्क त्याच वाक्याला असतात आणि पोरं तिथं नुसतं "λ = 0.25" लिहून पेन खाली ठेवतात. चंदगडच्याचं वाक्य सगळ्यात चांगलं जमलं होतं, ते असं: "U = xy या मापात, बजेट ८०० रुपये असताना आणखी एक रुपया मिळाला तर कमाल उपयोगिता साधारण ०.२५ नं वाढते, मग तो रुपया मिसळीवर जावो नाहीतर चहावर." हुक्केरीवाल्यानं त्याच्याखाली आपला ५ तसाच ठेवला आणि पुढं पेन्सिलनं लिहिलं, "एका चहामागं."